फीचर दीडशे, सामने हजार: आयपीएलच्या पैज-मॉडेलमधलं ओव्हरफिटिंग आणि काळाच्या क्रमाने तपासणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ठाण्यात आणि नवी मुंबईत डेटा सायन्स शिकणारी मुलं, तसंच ऐरोली-महापे पट्ट्यातल्या आयटी कंपन्यांत काम करणारी मंडळी सरावासाठी हमखास एक प्रकल्प घेतात: सामना कोण जिंकेल याचं मॉडेल. घरच्या संगणकावर ते ७० टक्के अचूक दिसतं आणि पुढच्या हंगामात नाणेफेकीच्या पातळीवर येतं. जुन्या सामन्यांतले योगायोगच पाठ करण्याच्या या दोषाला ओव्हरफिटिंग म्हणतात. हे का होतं आणि आधीच कसं ओळखायचं, एवढ्यापुरतंच हे पान आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे: आयपीएलचा २०२२ चा हंगाम. त्या वर्षी साखळीतले सगळे ७० सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातल्या चार मैदानांवर झाले, त्यांतले २० नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर.

असं मॉडेल बनवणं कायदेशीर आहे का?

जुन्या सामन्यांच्या आकड्यांवर अंदाज बांधणं आणि कागदावर तपासणं याला बंदी नाही. क्रिकेटवर पैसे लावणं मात्र महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने बंदी घातली आहे. म्हणून या पानावर जिथे जिथे ‘भाव’ आणि ‘नफा’ येतो, तिथे तो कागदावरचा हिशेब समजावा. भाव वापरायचं कारण वेगळं आहे: मॉडेलच्या अंदाजाशी तुलना करायला बाजाराच्या अंदाजाइतकी कठीण कसोटी दुसरी मिळत नाही.

माझ्याकडे १५० फीचर आहेत. जास्त माहिती दिल्याने नुकसान कसं होईल?

फीचर म्हणजे माहितीचा एक रकाना, ओळ म्हणजे एक सामना. आधी ओळी मोजा. आयपीएलचा १,००० वा सामना ३० एप्रिल २०२३ रोजी वानखेडेवर झाला. म्हणजे पंधरा-सोळा हंगामांचा सगळा साठा हजाराच्या घरात. २०१६ पर्यंतचा डेटा घेतला तर ५७५ च्या आसपास ओळी हाती येतात.

आता असं समजा की तुमच्या १५० फीचरपैकी एकाचाही निकालाशी काही संबंध नाही. तरी प्रत्येकाची पाच टक्के पातळीवर चाचणी घेतली, तर सरासरी सात-आठ फीचर ‘महत्त्वाचे’ ठरतील, कारण पाच टक्के पातळीचा अर्थच तो आहे. मग आपण नेमके तेच सात-आठ उचलतो, त्यांवर मॉडेल बसवतो आणि त्याच सामन्यांवर ते उत्तम चालतं. शिवाय फीचरांच्या जोड्या असतात. ‘डावखुरा सलामीवीर आणि संध्याकाळचा सामना’, ‘नाणेफेक जिंकली आणि आधी तीन दिवस विश्रांती’, अशा १५० फीचरांच्या ११,१७५ जोड्या होतात. निर्णयवृक्षांवर चालणारं मॉडेल या जोड्या आपोआप शोधत जातं. हजार ओळींत योगायोगाने जुळणाऱ्या जोड्या कायम सापडतात.

लॉजिस्टिक रिग्रेशनसाठी जुना अंदाज असा की एका फीचरमागे जिंकले-हरले यांपैकी कमी संख्येच्या गटातल्या किमान १० ते २० ओळी हव्यात. ५७५ सामन्यांत तो गट २८५ च्या आसपास, म्हणजे फीचर १४ ते २८. हा काही नियम नाही. नियमन, म्हणजे मॉडेलला मोठे गुणांक घेऊ न देण्याची सक्ती, कडक असेल तर थोडे जास्त चालतात. पण १५० पासून हा आकडा किती दूर आहे ते पाहा.

पाच भागांचं क्रॉस-व्हॅलिडेशन केलं होतं. तरी फसलो. का?

कारण ते भाग यादृच्छिक होते आणि सामने एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात, म्हणून हे सावकाश पाहू.

२०२२ मध्ये मुंबई इंडियन्सने पहिले आठही सामने गमावले. हंगाम संपला तेव्हा १४ पैकी ४ विजय आणि गुणतक्त्यात शेवटचा, दहावा क्रमांक. यादृच्छिक पाच भागांत या १४ सामन्यांपैकी साधारण ११ प्रशिक्षणात जातात आणि तीनेक तपासणीला उरतात. तुमच्या फीचरांत ‘संघ’ आणि ‘वर्ष’ हे दोन रकाने असतील, किंवा त्यांची नक्कल करणारं काहीही असेल (कर्णधाराचं नाव, जर्सीचा प्रायोजक, हंगामाची सरासरी धावगती), तर मॉडेल सहज शिकतं की ‘मुंबई, २०२२’ म्हणजे विजयाची शक्यता २९ टक्क्यांच्या आसपास. मग ते मार्चमधल्या सामन्याचा ‘अंदाज’ मे महिन्यातल्या निकालांवरून देतं. अंदाज बरोबर येतो, पण २६ मार्च २०२२ रोजी, हंगाम सुरू झाला तेव्हा, हे ज्ञान कोणाकडेच नव्हतं. मागचे हंगाम पाहणाऱ्याला तर मुंबई २०१९ आणि २०२० ची विजेती दिसत होती.

प्रामाणिक मॉडेल त्या वेळी काय म्हणालं असतं, याचा हिशेब प्रत्येक निकालानंतर संघाचे गुण वर-खाली करणाऱ्या इलो गुणांकनाने मांडता येतो. मुंबईचे सुरुवातीचे गुण १५४० धरू, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे १५००, आणि एका सामन्यामागे बदलाचा गुणक २०. पहिल्या सामन्याआधी विजयाची शक्यता ५५.७ टक्के निघते. लागोपाठ आठ पराभवांनंतर गुण १४५९ च्या आसपास उतरतात आणि शक्यता ४४ टक्क्यांवर येते. म्हणजे आठ पराभव पाहिल्यावरही प्रामाणिक मॉडेल ४४ म्हणतं, आणि फुटलेला पेपर वाचलेलं मॉडेल पहिल्याच दिवशी २९ म्हणतं. मुंबईने गमावलेल्या पहिल्या सामन्याचा लॉग-लॉस, म्हणजे चुकलेल्या अंदाजाचा दंड, प्रामाणिक मॉडेलचा ०.८१ येतो, पेपर वाचलेल्याचा ०.३४. यादृच्छिक भागांच्या तपासणीत जे मॉडेल ‘दुप्पट चांगलं’ दिसतं, ते असं.

हीच गोष्ट गुजरात टायटन्सची. पहिलाच हंगाम, साखळीत १४ पैकी १० विजय आणि शेवटी विजेतेपद. मार्चमध्ये त्यांच्या नावावर एकही जुनी ओळ नव्हती.

लॉग-लॉसच का? अचूकतेचे टक्के समजायला सोपे आहेत.

पैजेच्या मॉडेलला कोण जिंकेल एवढंच सांगून भागत नाही, किती शक्यता तेही सांगावं लागतं. भाव त्या शक्यतेशी ताडून पाहायचा असतो. ५१ टक्के आणि ८० टक्के हे दोन्ही अंदाज अचूकतेच्या मोजणीत सारखेच धरले जातात. लॉग-लॉस मात्र ठामपणे चुकण्याला जबर दंड करतो, आणि ओव्हरफिट मॉडेलची खोड नेमकी तीच असते. प्रत्येक सामन्याला ५०-५० म्हटलं तर लॉग-लॉस ०.६९३ येतो. नव्या हंगामावर तुमचा आकडा याहून जास्त आला, तर ते मॉडेल नाणेफेकीपेक्षा वाईट आहे, अचूकता ५४ टक्के दिसत असली तरी.

मग काळाच्या क्रमाने तपासणी नेमकी कशी करायची?

हंगाम हा एक घटक माना. २०१६ पर्यंतच्या सामन्यांवर शिकवा आणि २०१७ वर तपासा. मग २०१७ धरून शिकवा, २०१८ वर तपासा. असं २०२३ पर्यंत. २०२४ आणि त्यापुढचे हंगाम बाजूला कुलपात.

```python
df = df.sort_values("date")
df["yr"] = df["date"].dt.year
for y in range(2017, 2024):
    tr, te = df[df.yr < y], df[df.yr == y]
    m = make_pipeline(StandardScaler(),
                      LogisticRegression(C=0.05))
    m.fit(tr[cols], tr.won)
    p = m.predict_proba(te[cols])[:, 1]
    print(y, len(tr), len(te), log_loss(te.won, p))
```

यात तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. वर्ष तारखेवरून काढलं आहे, कारण सामन्यांचा चेंडूगणिक डेटा देणाऱ्या क्रिकशीट या संकेतस्थळाच्या फायलींत हंगामाचं नाव काही वेळा `2007/08` किंवा `2020/21` असं असतं आणि त्यावर तुलना केली की क्रम बिघडतो. `StandardScaler` पाइपलाइनच्या आत आहे, म्हणजे सरासरी आणि विचलन फक्त जुन्या सामन्यांवरून निघतं. आणि `TimeSeriesSplit` वापरलेलं नाही. ते वाईट आहे असं नाही, पण ते ओळींच्या संख्येवर कापतं. कापणी हंगामाच्या मध्यात, प्रसंगी एकाच दिवशीच्या दोन सामन्यांच्या मध्ये येते. शिवाय डेटा तारखेने लावलेला आहे की नाही, हे ते तपासत नाही. क्रम तुम्हीच लावायचा असतो.

हंगाम चालू असताना फीचर पुढे सरकले तर चालतात. दहाव्या सामन्याआधी नवव्या सामन्यापर्यंतचे इलो गुण वापरणं बरोबरच आहे. फक्त गुणक आणि नियमनाची ताकद हंगामाआधी ठरलेली असावी.

नियमनाची ताकद ठरवणारा C, वृक्षांची खोली, वृक्षांची संख्या हे कुठे ठरवायचं?

प्रत्येक टप्प्याच्या आत. २०२२ तपासायचं असेल तर २०१९ पर्यंत शिकवा, २०२० आणि २०२१ वर पर्याय पडताळा, उत्तम पर्याय निवडा, मग २०२१ पर्यंतच्या सगळ्या डेटावर पुन्हा शिकवा आणि तेव्हाच २०२२ ला हात लावा. वेळ जास्त लागतो, पण हजार ओळींचं काम साध्या लॅपटॉपवरही मिनिटांत होतं.

इथली एक चूक फार सर्रास दिसते. ग्रेडियंट बूस्टिंगमध्ये ‘अर्ली स्टॉपिंग’साठी तपासणीचाच हंगाम दिला जातो. वृक्षांची संख्या मग २०२२ पाहून ठरते, आणि २०२२ चा आकडा गोड दिसतो. थांबायचं कुठे, हेही जुन्या हंगामांवरच ठरलं पाहिजे.

या आकाराच्या डेटावर बूस्टिंग वापरायचंच असेल, तर खोली २ किंवा ३ आणि वृक्षाच्या प्रत्येक पानात किमान ५० सामने, इथून सुरुवात करा. आमच्या मते मात्र पहिलं मॉडेल लॉजिस्टिकच असावं.

फीचर निवड आधी एकदाच सगळ्या डेटावर केली तर काय बिघडतं?

सगळंच बिघडतं, आणि ते काळाच्या क्रमाने तपासणी करूनही बिघडतं. १५० मधून २० फीचर निवडताना तुम्ही २०२२ चे निकाल पाहिले असतील, तर पुढे २०२२ कितीही काटेकोरपणे वेगळं ठेवलं तरी त्या निकालांची छाप निवडीत राहतेच.

ही चूक पकडायची सोपी चाचणी आहे. फीचर तसेच ठेवा, निकालांचा रकाना यादृच्छिक फिरवा आणि फीचर निवडीपासून लॉग-लॉसपर्यंत सगळी प्रक्रिया पुन्हा चालवा. आता शिकण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा उत्तर ०.६९३ किंवा त्याहून वाईट यायला हवं. असं दहा-वीस वेळा करून सरासरी सतत त्याखाली येत असेल, तर निवड किंवा नियमन बाहेर कुठेतरी तपासणीचे निकाल पाहत आहे.

क्रम पाळला, निवडही आत नेली. तरी भविष्याची माहिती कुठून घुसते?

फीचरांच्या आतून. सर्वांत जास्त वेळा खेळाडूच्या कारकिर्दीच्या सरासरीतून: संकेतस्थळावरून आज उतरवलेली सरासरी २०१८ च्या सामन्याला जोडली, की त्यानंतरच्या सगळ्या डावांची माहिती त्या ओळीत आली. दुसरी जागा म्हणजे आरशातल्या ओळी. काही जण प्रत्येक सामना दोनदा लिहितात, एकदा ‘अ विरुद्ध ब’ आणि एकदा ‘ब विरुद्ध अ’. भाग यादृच्छिक असतील तर एक ओळ प्रशिक्षणात आणि तिची उलटी ओळ तपासणीत जाते. मग उत्तर हातातच असतं. तिसरी जागा नाणेफेक. नाणेफेक आणि अंतिम अकरा सामन्याच्या सुमारे अर्धा तास आधी कळतात. त्या फीचरांची आदल्या रात्रीच्या भावाशी तुलना केली, तर मॉडेलला बाजारापेक्षा जास्त माहिती मिळाली. दोघांची वेळ एकच हवी.

पक्की चाचणी अशी: वेगवेगळ्या हंगामांतले वीसेक सामने निवडा. प्रत्येकासाठी त्या सामन्याच्या सुरुवातीनंतरची प्रत्येक नोंद, त्या सामन्याच्या चेंडूंसकट, डेटातून काढून टाका आणि त्याचे फीचर नव्याने बनवा. आधी बनवलेल्या आकड्यांशी ते दशांशापर्यंत जुळले पाहिजेत. एखादा जुळला नाही, तर तो फीचर भविष्याकडे पाहतो आहे. ही चाचणी कंटाळवाणी आहे, पण फीचरांची यादी नजरेने तपासून जे सुटतं ते ही पकडते.

नावंही एकसारखी करून घ्या. दिल्ली डेअरडेव्हिल्स २०१९ पासून दिल्ली कॅपिटल्स झाले, किंग्ज इलेव्हन पंजाब २०२१ पासून पंजाब किंग्ज. ती जोडली नाहीत तर जुन्या संघाचे इलो गुण हरवतात. मैदानांची नावंही एकाहून जास्त तऱ्हेने लिहिलेली आढळतात.

माझं मॉडेल २०१९ पर्यंत ठीक होतं, मग ढासळलं. ओव्हरफिटिंगच ना?

दरवेळी नाही. परिस्थितीच बदलली असेल तर नीट बसवलेलं मॉडेलही पडतं. २०२० चा हंगाम पूर्णपणे संयुक्त अरब अमिरातीत झाला. २०२१ मध्ये २९ सामन्यांनंतर स्पर्धा थांबली आणि उरलेली सप्टेंबरपासून पुन्हा अमिरातीत खेळली गेली. २०२२ मध्ये साखळी महाराष्ट्रात. २०२३ मध्ये घरचं आणि बाहेरचं मैदान परतलं, पण सोबत ‘इम्पॅक्ट प्लेयर’चा नियम आला.

तेव्हा ‘घरचं मैदान’ हा फीचर २०२२ साठी काय सांगेल? नेरुळच्या सामन्यात मुंबई इंडियन्सला घरचा संघ म्हणायचं का? आणि ‘या मैदानावरची पहिल्या डावाची सरासरी’ घेतली, तर डी. वाय. पाटीलसाठी तो आकडा दशकभर जुन्या आयपीएल सामन्यांवरून येतो, कारण मधली बरीच वर्षं तिथे पुरुषांचे आयपीएल सामने झालेच नव्हते. खेळपट्टी आणि फलंदाजीची गती, दोन्ही तोवर बदललेली.

हा फरक फक्त काळाच्या क्रमाने तपासल्यावर दिसतो. हंगामवार लॉग-लॉस एका ओळीत लिहा. सगळेच हंगाम वाईट असतील तर ओव्हरफिटिंगचा संशय धरा. २०२०, २०२१ आणि २०२२ एवढेच वाईट असतील तर मैदानाचे फीचर काढून पुन्हा चालवा. मैदानाचे फीचर काढल्यावर ते तीन हंगाम सुधारतात आणि बाकीचे फारसे हलत नाहीत असं दिसलं, तर दोष कुठे होता ते कळलं. लिलावामुळे संघ बदलतात, त्यासाठी हंगाम सुरू होताना प्रत्येक संघाचे इलो गुण १५०० कडे एक तृतीयांश ओढून घ्यावेत. किती ओढायचं, हेही जुन्या हंगामांवरच ठरवा.

फीचर कमी करायचे तर कुठून?

उलट दिशेने जा. फक्त इलोच्या फरकाचं एका फीचरचं मॉडेल बनवा आणि २०१७ ते २०२३ चे सात लॉग-लॉस लिहून ठेवा. मग गट जोडा: गोलंदाजीचा फॉर्म, फलंदाजीचा फॉर्म, विश्रांतीचे दिवस, मैदान. गट किमान पाच हंगामांत सुधारणा देत असेल आणि ती एकाच हंगामातून आलेली नसेल, तरच ठेवा. बहुतेक गट इथे गळतात. सोबत पाच शुद्ध यादृच्छिक रकाने घाला. मॉडेल कोणत्या फीचरला किती महत्त्व देतं त्या यादीत ज्यांचा क्रमांक या यादृच्छिक रकान्यांच्या खाली लागतो, ते फीचर निर्धास्तपणे काढा. आता हे सात हंगामही निवडीत वापरले गेले, म्हणून त्यांच्यावरचा आकडा अंतिम धरायचा नाही. कुलपातले हंगाम त्यासाठीच आहेत.

२०२२ वर ६२ टक्के अचूकता आली. हे तरी खरं असेल ना?

७४ सामन्यांवर शुद्ध नाणेफेकीचं प्रमाण विचलन ५.८ टक्के असतं. ६२ म्हणजे दोन विचलनांहून किंचित जास्त अंतर. त्यात तुम्ही मॉडेलची किती रूपं चालवून पाहिली, हे मोजलंच नाही. एकमेकांपासून स्वतंत्र अशी ५० निरुपयोगी मॉडेल ७४ सामन्यांवर चालवली, तर त्यांतल्या सर्वांत चांगल्याची अचूकता सरासरी ६३ टक्के येते. म्हणून चालवलेल्या प्रत्येक प्रयोगाची नोंद एका फाइलीत ठेवा: तारीख, फीचर, C, निकाल.

पैजेचा हिशेब आणखी कठीण. दोन्ही बाजूंना १.९० भाव असेल, म्हणजे जिंकल्यास एका रुपयामागे १.९० रुपये परत, तर १ भागिले १.९० अशा दोन्ही शक्यतांची बेरीज १०५.३ टक्के होते आणि बरोबरीत सुटायलाच ५२.६ टक्के अचूकता लागते. २०० पैजांच्या परताव्याचं विचलन जवळपास ६.७ टक्के, म्हणजे कागदावरचा १० टक्के नफाही निव्वळ योगायोगाने येऊ शकतो. तुमचं मॉडेल खरोखर ५५ टक्के अचूक असेल, तर ते ५२.६ पासून दोन विचलनं दूर आहे हे दाखवायला सुमारे १,७०० सामने लागतात. २०२५ अखेरपर्यंत आयपीएलचे तेवढे सामने झालेलेच नाहीत. म्हणून नफ्यापेक्षा लॉग-लॉसची तुलना करा, तीही त्याच सामन्यांवर बाजाराच्या लॉग-लॉसशी. १.८० आणि २.१० या भावांतून ५५.६ आणि ४७.६ निघतात, बेरजेने भागून ५३.८ आणि ४६.२ मिळतात. तो बाजाराचा अंदाज.

कुलपातले हंगाम उघडले आणि निकाल वाईट आला. थोडं दुरुस्त करून पुन्हा तपासू का?

दुरुस्त करा, पण ते हंगाम आता तपासणीसाठी वापरून संपले. निकाल पाहून केलेला बदल त्याच निकालांवर पडताळला, तर वरचा सगळा खटाटोप पुन्हा शून्यावर येतो. २०२४ आणि २०२५ प्रशिक्षणात टाका, बदललेल्या मॉडेलची फाइल तारखेसह गोठवा आणि पुढच्या हंगामाच्या प्रत्येक सामन्याचा अंदाज नाणेफेकीआधी लिहून ठेवा. दोन महिन्यांत ७० हून जास्त नव्या ओळी मिळतात. एका हंगामाने निर्णय लागत नाही हे वरच्या हिशेबात आलंच आहे, तेव्हा तीच गोठवलेली फाइल त्यापुढच्या हंगामालाही चालवावी.